विखुरलेल्या पर्जन्यमापकांपासून पावसाचा सलग नकाशा: आयडीडब्ल्यू हाताने करून पाहू

पर्जन्यमापक पाऊस मोजतो तो स्वतःच्या तोंडावर पडलेला. बहुतेक साध्या मापकांचं तोंड एखाद्या ताटापेक्षाही लहान असतं, आणि आपल्याला हवा असतो शेकडो चौरस किलोमीटरवरचा पाऊस. मधली जागा कशी भरायची, हा प्रश्न जुना आहे. १९११ मध्ये थिसेन यांनी सरळ उत्तर दिलं: प्रत्येक जागेला तिच्या सर्वांत जवळच्या मापकाचा आकडा द्या. त्यातून बहुभुजांचे तुकडे पडतात आणि तुकड्याच्या सीमेवर पाऊस एकदम उडी मारतो. १९६८ मध्ये डोनाल्ड शेपर्ड यांनी वेगळी रीत मांडली. तिच्यात एकाच मापकाऐवजी सगळ्या मापकांचं ऐकायचं, पण जवळच्याचं जास्त आणि लांबच्याचं कमी. हीच व्यस्त अंतर भारांकनाची पद्धत. रोजच्या बोलण्यात तिला सगळे आयडीडब्ल्यू म्हणतात.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम तीन-चार क्लिकमध्ये होतं, आणि घोटाळा तिथेच होतो. नकाशा नेहमीच छान, गुळगुळीत येतो. आत घातलेली माहिती चुकीची असली तरी तो तसाच दिसतो. म्हणून आधी एक उदाहरण कागदावर सोडवू, मग कोड लिहू, आणि शेवटी त्या नकाशाची उलटतपासणी घेऊ. माझ्या मते खरं शिकायला मिळतं ते उलटतपासणीतच.

आधी तक्ता नीट करा

उदाहरण म्हणून पाच काल्पनिक मापक घेऊ. अंतरं किलोमीटरमध्ये आहेत: क्ष म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, य म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. पाऊस एका दिवसाचा, मिलिमीटरमध्ये.

| मापक | क्ष | य | पाऊस |
|---|---|---|---|
| अ | १३ | १४ | ६२ |
| ब | १० | ८ | ३४ |
| क | ४ | २ | १२ |
| ड | ६ | १० | २८ |
| इ | १८ | १६ | ७० |

हातात येणारा खरा तक्ता इतका सोज्वळ कधीच नसतो. त्यात तीन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली गोष्ट दिवसाची. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मापक वाचला जातो, म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी आदल्या दिवशीचं असतं. काही ठिकाणी ती नोंद वाचल्याच्या तारखेला लिहितात, काही ठिकाणी आदल्या तारखेला. दोन वेगळ्या स्रोतांतले मापक एकत्र केले आणि हा फरक लक्षात आला नाही, तर एकाचा सोमवार दुसऱ्याच्या मंगळवारशी जोडला जातो. ओळखायची सोपी युक्ती अशी: शेजारच्या दोन मापकांच्या महिन्याभराच्या नोंदी बाजूबाजूला ठेवा. एक यादी एक ओळ वर किंवा खाली सरकवल्यावर चढउतार अचानक जुळायला लागले, तर गडबड तारखेत आहे. याच्याच जोडीला सुट्टीची अडचण असते. रविवारी कोणी मापक वाचला नाही, म्हणून सोमवारच्या नोंदीत दोन दिवसांचं पाणी. तक्त्यात रविवारी शून्य आणि सोमवारी भलामोठा आकडा वारंवार दिसत असेल, तर त्या मापकाच्या त्या दोन्ही नोंदी रोजच्या नकाशातून वगळा.

दुसरी गोष्ट नसलेल्या नोंदीची. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘कोणी मोजला नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण तक्त्यात दोघेही एकसारखे कपडे घालून येतात. बऱ्याच फायलींत न मोजलेल्या नोंदीच्या जागी -९९९ असतं. माझ्याकडून एकदा तो आकडा तसाच गणितात गेला आणि नकाशाचा मोठा भाग उणे पावसाचा आला. त्यात सुदैवाचा भाग असा, की उणे पाऊस पाहून कोणीही दचकतो. रिकाम्या चौकटीत शून्य बसलं तर मात्र कोणालाच काही खटकत नाही. याचे आकडे थोड्या वेळाने पाहूच.

तिसरी गोष्ट अंतराची. मापकांची ठिकाणं बहुधा अक्षांश-रेखांशांत मिळतात. एक अंश अक्षांश म्हणजे कुठेही सुमारे १११ किलोमीटर. एक अंश रेखांश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ६० अंश अक्षांशावर तो निम्म्यावर येतो. अंशांनाच अंतर मानून गणित केलं, तर पूर्व-पश्चिमेचे शेजारी आहेत त्यापेक्षा लांब वाटतात, त्यांचं वजन घटतं आणि नकाशातली वर्तुळं जमिनीवर एका दिशेने चपटी होतात. आयडीडब्ल्यूमध्ये अंतर हाच एकमेव साक्षीदार आहे, तो तरी खरा हवा. म्हणून ठिकाणं आधी मीटरच्या प्रक्षेपणात आणा. लहान क्षेत्रासाठी आपल्या भागाचा यूटीएम झोन पुरतो. उत्तर गोलार्धात त्याचा क्रमांक `EPSG:326` आणि पुढे झोनचे दोन अंक, दक्षिणेत `EPSG:327` आणि पुढे तेच दोन अंक.

एका बिंदूचा पाऊस, कागदावर

आता (१०, १०) या बिंदूवर किती पाऊस पडला असेल ते काढू. तिथे मापक नाही. सूत्र एवढंच:

```
w_i = 1 / d_i^p
P   = sum(w_i * z_i) / sum(w_i)
```

`d` म्हणजे बिंदूपासून मापकापर्यंतचं अंतर, `z` म्हणजे त्या मापकाचा पाऊस, `w` म्हणजे त्याचं वजन आणि `p` म्हणजे घातांक. घातांक सध्या २ धरू, कारण बहुतेक सॉफ्टवेअर तोच धरून चालतं.

बिंदूपासून ब दोन किलोमीटरवर आहे. ड चार किलोमीटरवर, अ पाचवर, क आणि इ दोघेही दहावर. (आकडे मुद्दाम असे निवडलेत, पायथागोरसचं गणित तोंडी व्हावं म्हणून.) अंतराचा वर्ग करून त्याने एकाला भागलं की वजनं मिळतात: ब ०.२५, ड ०.०६२५, अ ०.०४, क आणि इ प्रत्येकी ०.०१. सगळ्यांची बेरीज ०.३७२५.

आता प्रत्येकाचा पाऊस त्याच्या वजनाने गुणू. ब कडून ८.५० येतात, अ कडून २.४८, ड कडून १.७५, इ कडून ०.७० आणि क कडून ०.१२. बेरीज १३.५५. तिला ०.३७२५ ने भागलं की उत्तर येतं ३६.४ मिलिमीटर.

वजनांची टक्केवारी काढून पाहिली की या पद्धतीचा स्वभाव कळतो. या उत्तरात एकट्या ब चा वाटा ६७ टक्के आहे. ड चा १७, अ चा ११, आणि क व इ यांचे मिळून पाच-साडेपाच. म्हणजे मापक पाच असले तरी या बिंदूपुरतं राज्य ब चं. खऱ्या नकाशावर काम करतानाही दोन-चार महत्त्वाच्या बिंदूंसाठी ही टक्केवारी काढून बघायची सवय लावा. कोणता मापक कुठे हुकूम चालवतो हे रंगीत नकाशा कधीच सांगत नाही.

आता मघाशी राहिलेला हिशोब. समजा त्या दिवशी इ मापक कोणी वाचलाच नाही. नोंद प्रामाणिकपणे वगळली, तर उरलेल्या चौघांवरून आपल्या बिंदूचं उत्तर ३५.४ येतं. तिथे -९९९ राहून गेलं, तर उत्तर ७.७ वर कोसळतं. फक्त पावणेतीन टक्के वजनाचा, दहा किलोमीटर लांबचा मापक एवढी उलथापालथ करतो. आणि शून्य बसलं, तर उत्तर येतं ३४.५. हा आकडा पाहून कोणाला संशय येईल? पण हीच चूक इ च्या जवळ गेल्यावर सत्तर मिलिमीटरची असते. म्हणून शून्यांकडे जास्त संशयाने पाहा: आजूबाजूच्या सगळ्या मापकांवर भरपूर पाऊस आणि मध्येच एका ठिकाणी कोरडं ठणठणीत, असं दिसलं की मूळ नोंदवही उघडायची.

घातांकाचा लगाम

त्याच बिंदूवर घातांक बदलून पाहू. १ ठेवला तर उत्तर ३८.८ येतं, २ ला ३६.४, ४ ला ३४.३. दोन टोकांना काय होतं तेही समजून घ्या. घातांक शून्य केला तर सगळ्यांची वजनं सारखी होतात आणि उत्तर म्हणजे पाचही मापकांची साधी सरासरी, ४१.२. घातांक खूप वाढवला तर सर्वांत जवळचा मापक सोडून कोणाचंच काही चालत नाही, म्हणजे ३४. हे तर थिसेन यांचेच बहुभुज झाले. थोडक्यात, आयडीडब्ल्यू ‘सगळ्यांची सरासरी’ आणि ‘फक्त शेजारी’ यांच्या मध्ये कुठेतरी उभी राहते, आणि नेमकी कुठे ते घातांक ठरवतो.

या सूत्रातून आणखी एक गोष्ट आपोआप निघते. भारित सरासरी कधीही सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर किंवा सर्वांत लहान आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. या नकाशावर १२ पेक्षा कमी आणि ७० पेक्षा जास्त पाऊस कुठेच येणार नाही, मग प्रत्यक्षात दोन मापकांच्या मधल्या डोंगरावर ११० का पडलेला असेना. उणे पाऊस येत नाही हा याचा फायदा, आणि पावसाचा खरा गाभा मापकांच्या मधून निसटला तर तो कायमचा निसटतो हा तोटा.

सगळ्या चौकटी भरा

एका बिंदूचं जे केलं तेच ग्रिडच्या प्रत्येक चौकटीच्या मध्यबिंदूसाठी करायचं. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
import numpy as np

def idw(xy, z, pts, p=2.0):
    d = np.hypot(pts[:, None, 0] - xy[None, :, 0],
                 pts[:, None, 1] - xy[None, :, 1])
    w = np.maximum(d, 1e-6) ** -p
    return (w @ z) / w.sum(axis=1)

xy = np.array([[13,14],[10,8],[4,2],[6,10],[18,16]], float)
z  = np.array([62, 34, 12, 28, 70], float)
print(idw(xy, z, np.array([[10., 10.]])))
```

छापून `[36.37583893]` यायला हवं. कागदावरचं उत्तर आणि हे जुळलं तरच पुढे जा. `np.maximum` ची ओळ कशासाठी, तर चौकटीचा मध्य नेमका मापकावर पडला तर अंतर शून्य होतं आणि भागाकार फसतो. तिथे अगदी बारीक अंतर धरलं की त्या मापकाचं वजन इतकं प्रचंड होतं, की उत्तर म्हणून त्याचाच आकडा परत येतो. तसंच व्हायला हवं.

```python
c = np.arange(0.25, 20, 0.5)
X, Y = np.meshgrid(c, c)
rain = idw(xy, z, np.column_stack([X.ravel(), Y.ravel()]))
rain = rain.reshape(X.shape)
```

ही अर्ध्या किलोमीटरच्या १६०० चौकटींची ग्रिड झाली. चौकट किती लहान ठेवायची यावर नवी मंडळी फार डोकं खपवतात. आपल्या मापकांमधली अंतरं साडेचार ते आठ किलोमीटर आणि त्याहून जास्त आहेत. पन्नास मीटरची चौकट केली तर फाइल शंभर पट जड होईल, माहिती तसूभरही वाढणार नाही. वर नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, की आपल्याला गल्लीगल्लीतला पाऊस ठाऊक आहे.

कोड नको असेल, तर क्यूजीआयएसच्या `Processing Toolbox` मध्ये `IDW interpolation` हे साधन आहे. बिंदूंचा थर द्या, पावसाचा रकाना निवडा, `Distance coefficient P` २ ठेवा, विस्तार आणि पिक्सेलचा आकार द्या. थर मीटरच्या प्रक्षेपणात असल्याची खात्री आधी करा, नाहीतर साधन निमूटपणे अंशांतच अंतर मोजेल. रास्टर तयार झाला की ओळख-साधनाने एखाद्या चौकटीवर क्लिक करा आणि त्या चौकटीच्या मध्यबिंदूचं गणित हाताने करून ताडून पाहा.

नकाशा कुठे बनाव करतो

रंग भरल्यावर पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे मापकांभोवतीची वर्तुळं. प्रत्येक मापकाभोवती पावसाचं एक गोल डबकं किंवा गोल टेकाड दिसतं. घातांक एकपेक्षा जास्त असला की सूत्रामुळे मापकापाशी पृष्ठभागाचा उतार शून्य होतो, त्यामुळे जागोजागी ही सपाट बेटं तयार होतात. ढगांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. कोणी नकाशावर बोट ठेवून ‘इथे पावसाचं केंद्र दिसतंय’ म्हणालं, तर आधी विचारा: तिथे मापक आहे का? केंद्र नेमकं मापकावर असेल तर ते पद्धतीचं अपत्य असण्याची शक्यता मोठी.

दुसरा बनाव कडेला होतो. आपल्या ग्रिडचा आग्नेय कोपरा, (२०, ०), पाहा. सर्वांत जवळचा मापक तिथून जवळपास तेरा किलोमीटरवर, आणि बाकीचेही पंधरा ते सतरावर. अंतरं अशी सारखीवारखी झाली की वजनंही सारखी होतात. तिथलं उत्तर येतं ४१.०. पाच मापकांची साधी सरासरी ४१.२ होती, आठवतंय? म्हणजे या कोपऱ्याबद्दल पद्धतीला काहीच माहीत नाही, आणि काही माहीत नसलं की ती निमूट सरासरी सांगून मोकळी होते. रंग मात्र बाकीच्या नकाशाइतकाच ठाम. यावर माझा उपाय साधा आहे: जवळच्या मापकापासून ठराविक अंतरापलीकडच्या चौकटी कोऱ्या ठेवायच्या. ते अंतर किती, हा ज्याचा त्याचा निर्णय. इथे मी आठ किलोमीटर धरलं असतं, कारण कोणत्याही मापकाचा सर्वांत जवळचा शेजारी फार तर साधारण इतकाच लांब सापडतो. कोरी जागा पाहून वरिष्ठ नाराज होतात, पण खोटा रंग भरण्यापेक्षा ते परवडतं.

तिसरा बनाव गर्दीचा. समजा ब च्या शेजारीच, शंभर मीटरवर, आणखी एक मापक आहे आणि तोही ३४ दाखवतो. नवीन माहिती काहीच मिळाली नाही, पण आपल्या (१०, १०) या बिंदूवर त्या जागेचं वजन ६७ वरून ८० टक्क्यांवर जातं आणि उत्तर ३५.४ होतं. आयडीडब्ल्यूला फक्त बिंदू ते मापक हे अंतर कळतं, मापकांचं आपसातलं अंतर कळत नाही. शहरात दहा मापक आणि बाहेर मोकळ्या रानात दोन, अशी मांडणी असली की शहर नकाशाभर घुसतं. अगदी जवळजवळचे मापक असतील तर त्यांची सरासरी घेऊन एकच बिंदू करावा. जवळच्या ठराविक संख्येचेच मापक घ्यायची सोय काही साधनांत असते, पण गर्दीच्या जागी ते सगळेच एका कोपऱ्यातले निघतात. शेपर्ड यांच्या मूळ लेखातही दिशा लक्षात घेऊन वजन दुरुस्त करण्याची सोय होती. रोजच्या वापरातल्या साध्या सूत्रात ती गळून गेली.

एक काढून टाका, मग विचारा

आता उलटतपासणी. एक मापक लपवायचा, उरलेल्या चौघांवरून त्याच्या जागेचा पाऊस काढायचा आणि खऱ्या नोंदीशी ताडायचा. मग तो परत ठेवून पुढचा लपवायचा.

```python
for p in (1, 2, 3):
    e = np.array([idw(np.delete(xy, i, 0), np.delete(z, i),
                      xy[i:i+1], p)[0] - z[i] for i in range(len(z))])
    print(p, e.round(1), round(np.sqrt((e**2).mean()), 1))
```

घातांक २ ला आलेले निकाल असे. ब लपवला: खरे ३४, अंदाज ३७.२. वा! ड चे खरे २८, अंदाज ३७.६. अ चे खरे ६२, अंदाज ४७.७. इ चे खरे ७०, अंदाज ५१.४. आणि क चे खरे १२, अंदाज ३७.६, म्हणजे तिपटीहून जास्त.

चुकांची नुसती सरासरी काढली तर ती जेमतेम १.१ मिलिमीटर येते, आणि अहवालात तोच आकडा टाकायचा मोह होतो. तो टाकू नका. जास्तीच्या आणि कमीच्या चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलंय. चुकांच्या वर्गांची सरासरी घेऊन वर्गमूळ काढलं, म्हणजे ज्याला आरएमएसई म्हणतात ते, तर १६.२ येतं. खरी परिस्थिती ती.

पण त्याहून बोलका आहे चुकांचा साचा. कमी पावसाच्या ठिकाणी अंदाज जास्त आलाय, जास्त पावसाच्या ठिकाणी कमी. मध्ये असलेला ब छान जमला, कडेचे सगळे फसले. हे वर पाहिलेल्या नियमाचंच रूप: इ लपवल्यावर उरलेल्यांत मोठ्यात मोठा आकडा ६२, मग ७० येणार कुठून? नैऋत्येकडून ईशान्येकडे पाऊस वाढत जातो हे आपल्याला तक्ता पाहताक्षणी दिसतं. आयडीडब्ल्यूला दिसत नाही, कारण तिला कल नावाची गोष्टच माहीत नाही.

आता घातांक कोणता चांगला? १ ला आरएमएसई २१.०, २ ला १६.२, ३ ला १३.०. मग तीन घ्यायचा? जरा थांबा. शेवटच्या टोकाला जाऊन फक्त जवळच्या शेजाऱ्याचा आकडा घेतला तर आरएमएसई साडेनऊवर येतो. म्हणजे ही परीक्षा आपल्याला ढकलत ढकलत थेट थिसेन यांच्या दारात नेऊन सोडते. याचा अर्थ थिसेन श्रेष्ठ असा घेऊ नका. पाच मापक, एकच दिवस आणि एका दिशेने चढत जाणारा पाऊस असला की लांबच्यांचं ऐकणं तोट्याचंच ठरतं, म्हणून जितका कडक घातांक तितकी चूक कमी. घातांक ठरवायचाच असेल तर एका हंगामातले पावसाचे सगळे दिवस घ्या, प्रत्येक दिवशी ही परीक्षा चालवा आणि चुका एकत्र करून मग बघा. फरक किरकोळ निघाला तर २ वरच राहा. घातांकाशी खेळून दशांश सुधारण्यापेक्षा पुढची दुरुस्ती कितीतरी जास्त देते.

आकड्याऐवजी गुणोत्तर पसरवा

समजा या पाच ठिकाणांची हंगामाची दीर्घकालीन सरासरी आपल्याकडे आहे: अ १५००, ब ९००, क ४००, ड ८०० आणि इ १७०० मिलिमीटर (हेही उदाहरणापुरते आकडे). आजचा पाऊस त्या-त्या सरासरीच्या किती टक्के आहे ते काढा. अ ४.१, ब ३.८, क ३.०, ड ३.५, इ ४.१. मूळ आकड्यांत जवळपास सहापट फरक होता. टक्क्यांत तो फरक जवळजवळ विरघळून गेला. डोंगर, उंची, वाऱ्याची बाजू यांमुळे कायम असणारा फरक सरासरीनेच उचलला.

आता आयडीडब्ल्यू या टक्क्यांवर चालवा आणि आलेलं उत्तर त्या जागेच्या सरासरीने परत गुणा. तोच घातांक २, तीच एक-काढून परीक्षा. क लपवल्यावर शेजाऱ्यांवरून ३.७३ टक्के येतात. ४०० च्या ३.७३ टक्के म्हणजे १४.९ मिलिमीटर. खरे १२ होते. पंचवीसची चूक तीनवर आली. इ ला ३.९५ टक्के, १७०० वर ६७.२. खरे ७०. उरलेल्या चौघांत कोणाकडेच ६२ च्या वर पाऊस नसताना अंदाज ६७ पर्यंत पोचला, कारण मर्यादा आता टक्क्यांना आहे, मिलिमीटरना नाही.

यात दोन अटी आहेत. पहिली, परत गुणायला प्रत्येक चौकटीची दीर्घकालीन सरासरी लागते, म्हणजे आधी सरासरीचाच एक विश्वासू नकाशा हवा, आणि तोही याच पाच मापकांवरून साध्या आयडीडब्ल्यूने काढला तर आपण फिरून पहिल्या जागी येतो. तो उंची लक्षात घेऊन, जास्त वर्षांच्या आणि जास्त मापकांच्या नोंदींवरून तयार झालेला असायला हवा. दुसरी, आजचा पाऊस नेहमीच्या वळणाने पडलेला हवा. माझ्या उदाहरणात तो तसा पडलाय, कारण आकडे मीच मांडलेत. एखाद्या वळवाच्या सरीने क वर साठ मिलिमीटर ओतले आणि इ कोरडा राहिला, तर क चं गुणोत्तर १५ टक्के होईल. ते शेजारच्या जास्त सरासरीच्या चौकटींना गुणलं, की तिथे कधीच न पडलेला शेकडो मिलिमीटर पाऊस नकाशावर उभा राहील. म्हणून दोन्ही रीतींची परीक्षा त्याच दिवसावर घ्या. गुणोत्तराची चूक साध्या रीतीपेक्षा जास्त निघाली, तर त्या दिवसापुरता साधा आयडीडब्ल्यू वापरा आणि नकाशाच्या कोपऱ्यात चार गोष्टी छापा: कोणती रीत वापरली, घातांक किती, किती मापकांच्या नोंदी होत्या, आणि एक-काढून आलेला आरएमएसई. मापकांची ठिकाणंही ठिपक्यांनी दाखवा, म्हणजे वर्तुळं कुठून आली ते पाहणाऱ्याला विचारावं लागणार नाही.